न मोजता वजा होणारा माल

चाकण, भोसरी किंवा वाळूजच्या एमआयडीसीतल्या मध्यम आकाराच्या कारखान्यात पाळी संपताना सुपरवायझर संगणकात एकच आकडा भरतो : आज इतके नग तयार झाले. तो आकडा भरला की तयार मालाचा साठा वाढतो आणि त्याच क्षणी त्या मालाला जे जे लागतं ते सगळं कच्च्या मालाच्या साठ्यातून आपोआप कमी होतं. दाणा, इन्सर्ट, स्क्रू, खोकी, स्टिकर, सगळं. यातलं काहीही कोणी मोजलेलं नसतं, चिठ्ठी घेऊन कोणी स्टोअरच्या खिडकीवर गेलेलं नसतं. या पद्धतीला बॅकफ्लश म्हणतात आणि तिच्यावर उभ्या राहणाऱ्या खर्चाच्या हिशोबाला बॅकफ्लश कॉस्टिंग.

जुनी पद्धत अशी होती की कामाचा ऑर्डर निघाला की लाइनवरचा माणूस इश्यू स्लिप भरायचा, स्टोअरकीपर माल मोजून द्यायचा, दोघांच्या सह्या व्हायच्या आणि बिन कार्डावर तेवढा माल कमी केला जायचा. उरलेला माल परत आला की पुन्हा एक चिठ्ठी. एका ऑर्डरवर किती माल खर्च झाला हे त्या चिठ्ठ्यांची बेरीज करून कळायचं. यात वेळ जायचा आणि चुकाही व्हायच्या. ज्या लाइनवर दर मिनिटाला दोन-चार नग पडतात तिथे प्रत्येक स्क्रूसाठी चिठ्ठी फाडणं अशक्यच. बॅकफ्लशने ती कटकट संपवली. कामगार माल वापरतो, शेवटी नग मोजतो आणि बाकीचा हिशोब यंत्रणा मागे जाऊन करते.

मागे जाण्यासाठी तिच्याकडे एकच आधार असतो : बिल ऑफ मटेरियल, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं बीओएम. एका नगाला काय आणि किती लागतं याची ती यादी. तयार नगांना बीओएममधल्या प्रमाणाने गुणायचं आणि तेवढा माल वजा करायचा, एवढंच गणित. स्वयंपाकघरात डब्यातल्या पोळ्या मोजून, पोळीमागे ठरलेल्या कणकेने गुणून, आज कणीक किती संपली ते लिहून ठेवावं तसं हे आहे. करपलेली पोळी, सांडलेलं पीठ यांचा त्यात पत्ता नाही.

म्हणूनच ही पद्धत वापरणाऱ्या प्रत्येकाने एक गोष्ट पक्की ध्यानात धरायला हवी. बॅकफ्लशमधला खर्च हा किती माल लागला याचा आकडा नसतो, तो किती लागायला हवा होता याचा आकडा असतो. त्यामुळे महिन्याच्या अहवालात ‘प्रत्यक्ष वापर’ आणि ‘अपेक्षित वापर’ हे दोन्ही रकाने तंतोतंत जुळलेले दिसतात आणि फरक शून्य येतो. हा शून्य कारखाना नीट चालल्याचा पुरावा नाही, कारण दोन्ही रकाने एकाच यादीतून आलेले आहेत. कितीही माल वाया गेला तरी तो शून्यच राहणार. खरा फरक कुठेतरी असतोच, पण तो खर्चाच्या खात्यात न येता साठ्याच्या खात्यात जाऊन बसतो. संगणकात माल दिसत राहतो आणि जागेवर तो नसतो.

एक उदाहरण सविस्तर पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण इंजेक्शन मोल्डिंगच्या शॉपमध्ये काम केलेल्या कोणालाही ते ओळखीचे वाटतील. एक कारखाना गाडीच्या एका भागासाठी नायलॉनचं कव्हर बनवतो. प्रत्येक कव्हरमध्ये दोन पितळी इन्सर्ट बसतात. साचा चार कॅव्हिटीचा आहे, म्हणजे मशीनच्या एका शॉटमध्ये चार कव्हरं पडतात. कव्हरमध्ये ४६ ग्रॅम नायलॉन जातं आणि त्याच्या वाट्याचा रनर, म्हणजे साच्यातल्या वाटेत गोठणारा भाग, ४ ग्रॅमचा आहे. हा रनर दळून पुन्हा वापरायला ग्राहकाची परवानगी नाही. तेव्हा बीओएममध्ये लिहिलंय : एका नगाला ५० ग्रॅम दाणा आणि २ इन्सर्ट. दाणा ३०० रुपये किलो आणि इन्सर्ट ३ रुपयांना एक असं धरू. म्हणजे दाण्याचे १५ आणि इन्सर्टचे ६ मिळून नगामागे २१ रुपयांचा माल.

महिन्यात १ लाख चांगली कव्हरं तयार झाली आणि तेवढीच संगणकात चढली. यंत्रणेने ५,००० किलो दाणा आणि २ लाख इन्सर्ट वजा केले. प्रत्यक्षात मात्र १ लाख नव्हे, १ लाख ४ हजार कव्हरं मोल्ड झाली होती. त्यातली ४,००० रिजेक्ट निघाली. कुठे शॉर्ट मोल्ड, कुठे इन्सर्ट तिरका, कुठे पृष्ठभागावर चट्टे. ती लाल पेटीत पडली आणि तिथून भंगाराच्या कोपऱ्यात गेली. सुपरवायझरला भरायचा होता तो चांगल्या नगांचा आकडा. रिजेक्शनचा रकाना पडद्यावर होता, पण तो भरला नाही तरी नोंद पुढे जात होती. शिवाय महिन्यात काही वेळा बॅरल साफ करताना ६० किलो दाण्याचे लम्प निघाले. बीओएममध्ये लम्पला जागाच नव्हती.

म्हणजे खरा दाणा लागला ५,२६० किलो आणि वजा झाला ५,०००. इन्सर्ट लागले २ लाख ८ हजार आणि वजा झाले २ लाख. २६० किलो दाण्याचे ७८ हजार रुपये आणि ८,००० इन्सर्टचे २४ हजार, मिळून १ लाख २ हजारांचा माल एका महिन्यात कमी झाला, पण संगणकात तो शिल्लकच दिसतोय. साठा तेवढ्याने फुगला आणि नफाही तेवढ्याने फुगला. नगामागे दीड रुपया सुटेल अशा हिशोबाने ग्राहकाला भाव दिला असेल, तर त्यातला एक रुपया दोन पैसे आधीच गेलेले आहेत आणि मालकाला पुढच्या वर्षीच्या भावावर बोलायला बसतानाही ते ठाऊक नसतं. ग्राहक एक टक्का सूट मागतो आणि तो देऊन बसतो.

आता इन्सर्टकडे नीट लक्ष द्या, कारण पहिला फटका तिथून बसतो. रोज साधारण ८,००० इन्सर्ट लागतात म्हणून कारखान्याने तीन दिवसांचा, म्हणजे २४,००० नगांचा राखीव साठा ठेवलाय. साठा त्याखाली जाऊ लागला की यंत्रणा खरेदीची सूचना काढते. पण दर महिन्याला ८,००० इन्सर्ट फक्त पडद्यावर उरताहेत. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस पडद्यावर २४,००० इन्सर्ट असतात आणि पेटी रिकामी असते. मशीन थांबतं. खरेदी विभाग संगणक दाखवून सांगतो की माल आहे. स्टोअर म्हणतं, आम्ही लाइनला दिला. लाइन म्हणते, वापरला. तिघंही खरं बोलत असतात. शेवटी पुरवठादाराकडे टेंपो पाठवून इन्सर्ट आणले जातात, ग्राहकाकडे उशीर होतो आणि रात्री कोणीतरी साठा दुरुस्तीची एक एंट्री टाकून २४,००० चे शून्य करतो. कारण न शोधता केलेल्या या एंट्रीने पुढच्या तीन महिन्यांची तयारी पुन्हा सुरू होते.

दाण्याचं तसं होत नाही आणि म्हणून तो अधिक धोकादायक. दाणा २५ किलोच्या गोण्यांत येतो, गोण्यांची थप्पी मोठी असते, काही गोण्या मशीनजवळ उघड्या असतात, काही दाणा ड्रायरच्या हॉपरमध्ये असतो. महिन्याला दहा-अकरा गोण्यांची तूट थप्पीकडे बघून कळत नाही. ती कळते सहामाही मोजणीत, तेव्हा १,५६० किलो दाणा, ४ लाख ६८ हजारांचा, एकदम कमी भरतो. कोणत्या महिन्यात, कोणत्या मशीनवर, कोणत्या पाळीत हे सांगणारं तोवर काहीही शिल्लक नसतं. रिजेक्ट नग भंगारात विकले गेलेले असतात, साचा मधल्या काळात एकदा दुरुस्त झालेला असतो. आणि इथेच चोरीलाही आडोसा मिळतो. पितळ किंवा तांबं गेटबाहेर गेलं काय आणि रिजेक्शनमध्ये गेलं काय, हिशोबात दोन्ही सारखेच दिसतात. इश्यू स्लिपवर निदान दोन सह्या असायच्या. सहामाहीत निघालेल्या तुटीवर कोणाचीच सही नसते, मग संशय स्टोअरकीपरवर जातो आणि बहुतेक वेळा तो निर्दोष असतो. या पद्धतीतला हा अन्याय मला सर्वांत जास्त खटकतो.

अशी तूट निघाली की दोन चुकीचे उपाय हमखास होतात. पहिला म्हणजे बीओएम फुगवणं. मोजणीत पाच टक्के कमी भरलं ना, मग ५० ग्रॅमच्या जागी ५२.६ ग्रॅम टाका, विषय संपला. साठा जुळू लागतो, सगळे खूश होतात. पण आता चार टक्के रिजेक्शन हा बीओएमचाच भाग झाला. साचा दुरुस्त करून कोणी रिजेक्शन दोन टक्क्यांवर आणलं, तर त्याचं यशही दिसणार नाही, फक्त जागेवर दाणा जास्त साठत जाईल आणि त्या जास्तीच्या दाण्याचा हिशोब कोणीच विचारणार नाही. साफसफाईत निघणाऱ्या लम्पसारखी नेहमीची, टाळता न येणारी घट बीओएममध्ये वेगळ्या टक्केवारीने धरणं योग्यच आहे. बहुतेक ईआरपींत त्यासाठी सोय असते. रिजेक्शन मात्र त्यात मिसळू नये, त्याची नोंद त्याच्या कारणासह त्याच पाळीत व्हायला हवी.

दुसरा चुकीचा उपाय संगणकाच्या पडद्यामागे घडतो. सॅप वापरणाऱ्या कारखान्यांत तयार मालाची नोंद होताना 101 या क्रमांकाची जमा पडते आणि कच्च्या मालासाठी 261 ची वजाबाकी. समजा, लाइनच्या जागेवर पडद्यावर ९,००० इन्सर्ट आहेत आणि वजा करायचेत १०,०००. अशा वेळी तयार माल जमा होतो, पण वजाबाकी अडते आणि ती नोंद COGI नावाच्या यादीत जाऊन पडते. म्हणजे तयार माल आला, पण त्याचा कच्चा माल अजून गेलाच नाही, अशी अर्धवट अवस्था. रोज ही यादी उघडून प्रत्येक नोंदीचं कारण शोधणं हे खरं काम. आकडा चुकीचा टाइप झाला का, माल वेगळ्या जागी उतरवला का, बीओएम जुनी आहे का, पाचशेच्या जागी पाच हजार नग चढलेत का. प्रत्यक्षात ती यादी महिनाअखेरपर्यंत वाढत राहते. मग अकाउंट्समधून फोन येतो आणि कोणीतरी मुख्य स्टोअरमधून लाइनला माल कागदोपत्री हलवून सगळ्या अडलेल्या नोंदी एका फटक्यात सोडवतो. माल जागचा हललेला नसतो. आतापर्यंत फक्त लाइनचा साठा चुकीचा होता, आता स्टोअरचाही झाला. एखाद्या कारखान्याचं बॅकफ्लश कसं चाललंय हे एका मिनिटात जाणून घ्यायचं असेल तर ही यादी उघडावी आणि सर्वांत जुन्या नोंदीची तारीख बघावी.

आणखी एक धोका पैशापेक्षा मोठा आहे. एका ग्रेडचा दाणा संपला म्हणून ग्राहकाच्या परवानगीने दुसऱ्या कंपनीचा समकक्ष दाणा वापरला, किंवा इन्सर्टच्या एका लॉटच्या आधी दुसरा लॉट लाइनवर आला, हे रोजचंच आहे. बॅकफ्लश बीओएममधला दाणा वजा करतो आणि लॉटच्या बाबतीत बहुधा सर्वांत जुना लॉट आधी घेतो. कामगाराच्या हाताने उचललेली पेटी कोणती होती, हे त्याला माहीत नसतं. पुढे पुरवठादार कळवतो की अमुक लॉटच्या इन्सर्टमध्ये भेग आहे. संगणक सांगतो, तो लॉट मंगळवारच्या कव्हरांत गेला. खरं तर तो गुरुवारी गेलेला असतो. मंगळवारचा निर्दोष माल परत मागवला जातो आणि गुरुवारचा सदोष माल गाडीत बसून रस्त्यावर धावतो. औषधनिर्मितीत म्हणूनच हे असं चालत नाही. शेड्यूल एमनुसार प्रत्येक बॅचचं रेकॉर्ड ठेवावं लागतं आणि त्यात प्रत्यक्ष वजन करून घातलेल्या घटकांची नोंद लागते, गुणाकाराने काढलेली नव्हे. सुरक्षेशी संबंधित सुट्या भागांनाही माझ्या मते हाच नियम लावला पाहिजे. ज्या वस्तूचा लॉट शोधून काढायची वेळ येऊ शकते ती स्कॅन करूनच लाइनवर द्यावी.

मग ही पद्धत आलीच कुठून आणि ती चालते कशी? तिचं मूळ जस्ट इन टाइमच्या विचारात आहे. टोयोटात ताइइची ओनो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत जी उत्पादनपद्धती घडवली तिच्यात माल लागेल तेव्हा, लागेल तेवढाच लाइनवर यायचा. सोबत कानबान कार्ड असायचं आणि ठरलेल्या आकाराच्या पेटीत ठरलेलेच नग. लाइनवर काही तासांचाच माल असेल तर हिशोबातली चूक काही तासांतच उघडी पडते. चार टक्के माल वाया गेला की त्याच दिवशी पेटी कमी पडते आणि कोणालातरी कारण शोधावं लागतं. दोष दिसला की लाइन थांबवण्याची मुभाही तिथे कामगाराला असते. अशा ठिकाणी अर्धवट तयार मालाचं वेगळं खातं ठेवण्यात अर्थ नसतो, कारण असा माल फारसा नसतोच. तिथे बॅकफ्लश शोभतो. आपल्याकडे अनेकांनी वजाबाकीची सोय तेवढी उचलली. पंधरा दिवसांचा साठा, अर्धवट मालाच्या ट्रॉल्या आणि रिजेक्शनची न भरलेली पाटी तशीच राहिली. साठा जितका जास्त, तितके दिवस चूक झाकली जाते.

वर्षअखेरीला हे सगळं ताळेबंदात उतरतं. ३१ मार्चच्या रात्री मशीनच्या बाजूला अर्धी तयार कव्हरं असतील तर बॅकफ्लशच्या हिशोबात ती अजून दाणा आणि इन्सर्टच असतात, त्यांच्यावर झालेली मजुरी, वीज, मशीनचा वेळ साठ्याच्या किमतीत आलेला नसतो. काही तासांचा माल असेल तर फरक किरकोळ. पण हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग असं करत तीन आठवडे फिरणाऱ्या मालात तो मोठा होतो. लेखा मानकं प्रमाणित खर्चाला परवानगी देतात, पण तो प्रत्यक्ष खर्चाच्या जवळपास असला तर. दोन वर्षांत हात न लावलेली बीओएम ही अट पुरी करत नाही. ऑडिटरलाही २०२० च्या कारो आदेशानुसार साठ्याच्या एखाद्या प्रकारात मोजणीचा फरक एकूण १० टक्के किंवा त्याहून जास्त निघाला का ते लिहावं लागतं.

बँकेचा विषय त्याहून जवळचा. कॅश क्रेडिटवर चालणारा उद्योजक दरमहा स्टॉक स्टेटमेंट देतो आणि बँक त्यावरून ड्रॉइंग पॉवर ठरवते. फुगलेला साठा म्हणजे नसलेल्या मालावर उचललेलं कर्ज. मालकाने खोटं काही लिहिलेलं नसतं, संगणकातला आकडा जसाच्या तसा दिलेला असतो. पण स्टॉक ऑडिटला आलेला माणूस गोण्या मोजतो, पडदा नव्हे.

जीएसटीत एक बारकी पण महाग गोष्ट आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७(५) सांगतं की हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा हिशोबातून काढून टाकलेल्या मालावरचं इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. उत्पादनप्रक्रियेत अटळपणे होणारी घट वेगळी. पोलाद उत्पादकाच्या एका प्रकरणात २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशा घटीवरचं क्रेडिट परत करायची गरज नाही असा निर्णय दिला. आपल्या कारखान्यातला १,५६० किलो दाणा यांपैकी कुठे बसतो? रिजेक्शन आणि लम्प यांच्या पाळीनिहाय नोंदी असतील तर तो प्रक्रियेतच गेला असं दाखवता येतं. नोंदी नसतील तर उरते ती फक्त सहामाहीत काढून टाकलेली तूट, आणि १८ टक्क्यांनी ८४ हजारांवर क्रेडिट परत मागितलं जाऊ शकतं. जीएसटी नियम ५६ नुसार उत्पादकाला दरमहा कच्च्या मालाचा वापर, तयार माल आणि त्यातली घट व उपउत्पादनं यांचा परिमाणात्मक हिशोब ठेवावाच लागतो. बॅकफ्लशचा गुणाकार हा त्या नियमातला ‘वापर’ नव्हे.

आता खरा वापर शोधायचा कसा? त्यासाठी बीओएमशी संबंध नसलेला आकडा लागतो आणि मोल्डिंगच्या शॉपमध्ये तो फुकट मिळतो. मशीनवर शॉट काउंटर असतो. महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी तो वाचा. आपल्या उदाहरणात तो २६,००० शॉट दाखवेल. चार कॅव्हिटींनी गुणलं की १ लाख ४ हजार नग. चांगले चढले १ लाख, रिजेक्ट चढले शून्य, मग ४,००० नग गेले कुठे? हा प्रश्न महिन्याच्या शेवटी विचारला तर त्रास होतो, पाळीच्या शेवटी विचारला तर उत्तर लाल पेटीतच सापडतं. एखादी कॅव्हिटी बंद ठेवून साचा चालवला असेल तर तेवढं मात्र लिहून ठेवलेलं हवं, नाहीतर गुणाकार फसतो.

दुसरा आकडा भंगाराच्या वजनाचा. बीओएमप्रमाणे १ लाख नगांचे रनर ४०० किलो व्हायला हवेत. प्रत्यक्षात रनर निघतील ४१६ किलो, रिजेक्ट कव्हरांतलं नायलॉन १८४ किलो आणि लम्प ६०. इन्सर्टचं वजन वगळून ६६० किलो. अपेक्षेपेक्षा २६० किलो जास्त, आणि नेमका तेवढाच दाणा थप्पीत कमी आहे. हिशोब बसला, म्हणजे माल वाया गेलाय पण चोरीला गेलेला नाही. भंगारवाल्याच्या काट्यावर ६६० ऐवजी ५०० किलोच भरले असते, तर उरलेल्या १६० किलोंची चौकशी वेगळ्या दिशेने करावी लागली असती. भंगाराची पावती अनेक कारखान्यांत फक्त पैसे मोजायला वापरली जाते. खर्चाच्या हिशोबात तिच्याइतका प्रामाणिक कागद दुसरा नाही, फक्त रनर, रिजेक्ट आणि लम्प वेगवेगळे तोलून त्यावर तारीख घातलेली हवी.

तिसरं काम मोजणीचं. सहामाही मोठी मोजणी पुरत नाही. लाइनवरच्या सर्वांत महाग आठ-दहा वस्तू दर आठवड्याला, पाळी बदलताना, उत्पादनाची नोंद पूर्ण झाल्यावर मोजाव्यात. ही वेळ महत्त्वाची आहे. दिवसाचं उत्पादन संध्याकाळी चढणार असेल आणि मोजणी दुपारी केली, तर पडद्यावर माल जास्त दिसणारच आणि खोटी तूट निघेल. मग लोकांचा मोजणीवरचा विश्वास उडतो आणि खरी तूट निघाली तरी ‘वेळेचा फरक असेल’ म्हणून सोडून दिली जाते.

स्क्रू, खोकी, स्टिकर, पिशव्या यांना बॅकफ्लश लावायला माझी काहीच हरकत नाही, त्यांच्यासाठी चिठ्ठ्या फाडणं हा माणसांच्या वेळेचा अपव्यय आहे. काही मिनिटांत पूर्ण होणाऱ्या, स्थिर बीओएम असलेल्या मालालाही तो चालतो. पण पितळ, तांबं, चांदीचे कॉन्टॅक्ट, महागडा दाणा, लॉट जपावा लागणारा कोणताही भाग यांना तो लावू नये. लांबलचक प्रक्रियेत एकदम शेवटी वजाबाकी न ठेवता मधल्या दोन-तीन टप्प्यांवर ती करावी. आणि तुमच्या कारखान्यात रिजेक्शनचा आकडा भरल्याशिवाय पाळीची नोंद पूर्ण होत असेल, तर ईआरपीवाल्याला बोलावून आधी तो रकाना सक्तीचा करून घ्या. शून्य असेल तर शून्य भरू द्या, पण तो माणसाने लाल पेटीत बघून भरलेला असू द्या. तेवढं जमत नसेल तोवर महाग मालासाठी इश्यू स्लिपच ठेवा, ती महाग पडत नाही.